वाळू दे

“पाना दे. हं. आता कागद दे. सोल्युशन दे. वाळू दे. अगं, वाळू दे म्हटलं ना! हां, आता ठिगळ दे.”

गेलेल्या नवऱ्याचा आवाज वहिनींच्या कानात असा ओळीने वाजत होता, जसा पूर्वी दर रविवारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून यायचा. आणि वहिनी स्वतः मात्र इमारतीमागच्या चौकातल्या फरशीवर, पुढचं चाक पार बसलेल्या सायकलीसमोर, कुणी शिक्षा केल्यासारख्या उभ्या होत्या.

दोन वाजायला आले होते. चारला त्यांना वन्संकडे पोचायचं होतं.

वन्सं म्हणजे त्यांची थोरली नणंद. नदीपलीकडे एकट्या राहायच्या. परवा त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि दिवसातून तीनदा थेंब घालायचे होते. सकाळचे आणि रात्रीचे शेजारची नर्स घालायची, दुपारी ती कामावर. वन्संचा हात आधीच थरथरायचा, बाटली डोळ्यावर धरली की थेंब गालावर नाहीतर कानात. काल संध्याकाळी त्यांनी स्वतः फोन केला होता. लग्नाला एकतीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत वन्संनी वहिनींकडे काही मागितल्याचं हे पहिलंच.

“चारचे थेंब तू घालशील का गं?”

“घालीन की. चाराच्या ठोक्याला तुमच्या दारात.”

“बघ हं. नाही जमणार तर आत्ताच सांग.”

“शब्द दिला वन्सं.”

असा शब्द देताना सायकलीला कुणी विचारलं नव्हतं. नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी महिनाभर बंद होता. एवढ्या वळशाला रिक्षावाले तयार होत नव्हते, आणि तासाला एक असलेली, वळसा घालून दीड तासाने पोचणारी बस आत्ताच निघून गेली होती. पुलावरून पायी आणि सायकलवाल्यांनाच सोडत होते. पायी म्हणावं तर अंतर दोन कोसांच्या वर आणि वहिनींचा उजवा गुडघा दहा पावलांनंतरच कुरकुरणारा. गंमत अशी, की तोच गुडघा पॅडलवर मात्र मुकाट चालायचा. आणि कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याचा आज सुट्टीचा वार.

वहिनींनी एकदा पंप लावून पाहिला. हवा जेवढी आत गेली तेवढीच फुसकन बाहेर आली. चाक पुन्हा बसलं.

“काय झालं वहिनी?”

खालच्या मजल्यावर शिवणाचं दुकान असलेले शिंपीभाऊ मागच्या दारातून डोकावले. गळ्यात मोजपट्टी, ओठांत टाचणी, त्यामुळे ते नेहमी अर्धंच तोंड उघडून बोलत.

“पंक्चर झालीय. मीच काढणार आहे.”

“तुम्ही?”

“का? ह्यांना दर रविवारी काढताना ऐकलंय की.”

“ऐकलंय!” शिंपीभाऊंनी टाचणी तोंडातून काढली. “वहिनी, मी बायकोला तीस वर्षं गाताना ऐकतोय. म्हणून मला गाता येतं का?”

वहिनी तडक जिन्याकडे वळल्या. वर जाऊन त्यांनी पंक्चरचा डबा आणला. मागच्या खेपेला लेक आली होती, तिने आणून दिलेला. नवाकोरा, अजून प्लास्टिकचं वेष्टन होतं त्यावर. आत काळ्या रबराची तीन गोल ठिगळं, पाठीवर चमचमता कागद. सोल्युशनची इवलीशी ट्यूब. खरखरीत कागदाचा तुकडा. टायर उचकटायच्या दोन चपट्या पट्ट्या. आणि एक घडीचा कागद, ज्यावर सात चित्रं आणि चार-पाच परक्या भाषांतली मुंगीच्या पायांसारखी अक्षरं.

“चित्रं तर आहेत,” शिंपीभाऊ म्हणाले आणि चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाशी नेला. गिऱ्हाईक नव्हतं, मशीन तेल मागत होतं, आणि दुसऱ्याच्या कामात बोट घालण्याइतका विरंगुळा दुसरा नाही. ते येऊन बसलेच.

सायकल सीटवर आणि हँडलवर उलटी उभी करताना घंटी दाबली गेली आणि ती ट्रिंग ट्रिंग करत राहिली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी “कोण आहे?” म्हणून ओरडलं. वहिनींनी हँडल थोडं वाकवलं तेव्हा घंटीचा जीव शांत झाला.

पाना दे, असं नवरा म्हणायचा. पण पाना कशाला? चाक काढायला, असं वहिनींना वाटलं. त्यांनी आसाचा नट धरून जोर लावला. नट जागचा हलला नाही, पाना मात्र निसटून त्यांच्या अंगठ्यावर बसला.

“पहिल्या चित्रात चाक जागच्या जागीच आहे,” शिंपीभाऊ म्हणाले.

“हे आधी सांगायचं ना!”

मग व्हॉल्व्हच्या बुडाशी जो गोल नट असतो, तो फिरवून काढला. उरलीसुरली हवा सोडून दिली. टायर दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबत दाबत वहिनी चाकभर फिरल्या, म्हणजे रिमला चिकटलेली त्याची कड सुटेल. इथवर बरं चाललं होतं. मग पट्टी घातली ती नेमकी व्हॉल्व्हपाशी, आणि टायर काही उचकटेना. तिथे ट्यूबचं बूड असतं, जागाच नसते. शिंपीभाऊंनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि व्हॉल्व्हच्या अगदी समोरच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे पट्टी सहज आत गेली. तिचं दुसरं टोक चाकाच्या तारेत अडकवलं, चार बोटं सोडून दुसरी पट्टी घातली, आणि ती सरकवत नेली तशी टायरची एक कड सरसर रिमबाहेर आली. वहिनींनी हात घालून ट्यूब ओढली. अर्धी आली, अर्धी व्हॉल्व्हपाशी अडली. व्हॉल्व्ह आत ढकलला तेव्हा ती सगळी मऊ, काळी, सापाच्या कातेसारखी हातात आली.

“बाई गं,” वहिनी स्वतःशीच म्हणाल्या. एवढ्या मोठ्या टायरच्या आत एवढा नाजूक जीव असतो हे त्यांना आजच कळत होतं.

घमेल्यात पाणी घेतलं. ट्यूबमध्ये थोडी हवा भरली आणि एकेक भाग पाण्यात बुडवला. बुडवला तो काय, जिकडेतिकडे बुडबुडे! टाचणीच्या टोकाएवढे, सगळ्या ट्यूबभर चिकटलेले.

“अहो, ही तर चाळण आहे,” शिंपीभाऊ घाबरून म्हणाले. “तीन ठिगळांत कसं भागायचं?”

वहिनींनी ओल्या बोटाने ते बुडबुडे पुसले. पुसले ते गेले आणि परत आले नाहीत. नुसतीच पाण्याबरोबर बाहेरून चिकटलेली हवा होती. त्यांनी ट्यूब हळूहळू पुढे सरकवली, आणि मग एका जागी बारीक माळ वर येताना दिसली. एकामागून एक, न थांबता. पुसली तरी येतच राहिली.

“हे बघा!”

“थांबा, हलू नका!” शिंपीभाऊ धावत दुकानात गेले आणि खडू घेऊन आले. ट्यूब तेवढी पुसून घेतली आणि छिद्रावर त्यांनी मोठी फुली मारली. चारी बाजूंना बोटभर लांब रेघा. “कापडावर खूण नेहमी लांब करायची वहिनी. मधली पुसली तरी टोकं सांगतात मध्य कुठे होता.”

हे मात्र अगदी खरं निघालं. खरखरीत कागदाने घासायला सुरुवात केली तशी फुलीचा मध्य पुसला, पण चारी टोकं राहिली. ठिगळापेक्षा चांगला अंगठाभर मोठा भाग वहिनींनी घासला, ट्यूबवरची चकाकी जाऊन ती राखाडी दिसेपर्यंत. भुकटी फडक्याने झटकली. पाना दिला होता, कागद दिला होता. आता सोल्युशन.

आता इथून पुढची गोष्ट नीट ऐकायला हवी, कारण घोळ इथे झाला.

वहिनी अर्धा दिवस एका शाळेच्या ग्रंथालयात काम करत. फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे लावणं, पाठीवर आकड्यांच्या चिठ्ठ्या डकवणं, असलं काम. डिंक ओला असतो तोवरच चिकटतो, वाळला की संपला, हे त्यांच्या बोटांना कोणी शिकवायला नको होतं. म्हणून सोल्युशनचा जाडसर थर लावून त्या लगबगीने पुढच्या पायरीवर आल्या. आणि थबकल्या.

“भाऊ, वाळू आणा जरा.”

“वाळू?”

“वाळू. सोल्युशन दे, वाळू दे, मग ठिगळ दे. असंच म्हणायचे हे.”

शिंपीभाऊंनी कागद पाहिला. “वाळूचं चित्र नाही. चौथ्या चित्रात घड्याळ आहे.”

“घड्याळ?”

“घड्याळ. पाचावर काटा.”

दोघांनी त्या घड्याळाकडे टक लावून पाहिलं. पाच वाजता करायचं? पाच वाजेपर्यंत करायचं? पाच वेळा करायचं?

“मला वाटतं, लवकर कर असं म्हणतायत,” शिंपीभाऊ म्हणाले. “घड्याळ म्हणजे वेळ घालवू नका.”

“तेच ते. डिंक वाळायच्या आत. आणा ना वाळू, तिथे ढीग आहे!”

चौकाच्या कोपऱ्यात भिंत बांधून उरलेल्या वाळूचा जुना ढीग खरंच होता. त्याच ढिगावर बूड टेकून नवरा पंक्चर काढायचा. लेक बाजूला उभी राहून एकेक वस्तू हातात द्यायची. वहिनी आत पोळ्या लाटायच्या आणि आवाज ऐकायच्या. वाळूच्या ढिगावर बसलेला माणूस वाळू दे म्हणतो तेव्हा तो कशाबद्दल बोलतोय याची शंका कुणाला यावी?

“अहो बरोबर आहे,” शिंपीभाऊ चिमूटभर वाळू घेऊन येत म्हणाले. “निसरड्या जागी वाळू टाकतोच की आपण. खडबडीत झालं की धरतं.”

वाळू भुरभुरली. ठिगळाचा चमचमता कागद सोलला. ठिगळ दाबलं. दोघांनी आळीपाळीने अंगठा दाबून धरला. मग ट्यूबमध्ये हवा भरली.

ठिगळ फुगलं, एका बाजूने उचललं गेलं, आणि ओल्या पाटीवरून पान सरकावं तसं सावकाश घसरून फरशीवर पडलं.

वहिनींनी ते उचलून उलटंपालटं केलं.

“मी म्हणतो,” शिंपीभाऊ हलक्या आवाजात म्हणाले, “कडेने चार टाके घातले तर?”

“भाऊ!”

“नाही, म्हणजे, दुहेरी धाग्याने—”

“टाके म्हणजे सुईने आणखी भोकं!”

“हो, तेही आहे.”

पावणेतीन वाजले होते. वहिनींचे हात काळे झाले होते, कपाळावर घाम होता, आणि मनात एकच विचार गरगरत होता की आपण एवढं सगळं बरोबर केलं, मग चुकलं कुठे? नवऱ्याच्या हातून कधीच निसटलं नाही. वाळू वेगळी होती का? नदीची बारीक? चाळून घेतलेली? की भाजून? त्यांना एकदम रडू आल्यासारखं झालं. वन्संना फोन करून नाही जमत म्हणून सांगावं, तर त्या म्हणतील, मला ठाऊकच होतं. नाही म्हणणार कदाचित. नुसतं ‘बरं’ म्हणतील. ते जास्त वाईट.

त्यांनी लेकीला फोन लावला. लेक दूरच्या गावी शाळेत शिकवायची. फोन उचलला तेव्हा मागे मुलांचा कलकलाट होता.

“आई, तास चालू आहे गं. लवकर बोल.”

“एकच सांग. तुझे बाबा वाळू कुठली वापरायचे?”

“कसली वाळू?”

“अगं, पंक्चरला.”

“पंक्चरला वाळू?” पलीकडे तिने आधी मुलांना दटावलं. “आई, काय केलंस तू?”

“सोल्युशन लावलं, वर चिमूटभर वाळू घातली, ठिगळ लावलं. निघालं.”

लेक हसायला लागली. आधी दाबून, मग न दाबता. तिच्या वर्गातली पोरंही हसायला लागलेली ऐकू आली, कशाला ते न कळताच.

“हसू नको गं. मला चारला तुझ्या आत्याकडे जायचंय.”

“आई, वाळू नाही गं! वाळू दे!”

“तेच म्हणतेय मी. वाळू दे म्हणायचे ना?”

“हो!”

“मग?”

“अगं, वाळू दे म्हणजे वाळू नाही द्यायची! वाळू द्यायचं! कपडे वाळतात ना? दोरीवर? तसं! ते सोल्युशन वाळू दे. सुकू दे!”

वहिनी फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. शिंपीभाऊ फोनला कान देऊन ऐकत होते, त्यांनी हळूच हातातली उरलेली वाळू झटकली.

“पण डिंक वाळला तर चिकटेल कसा?” वहिनींनी शेवटचा गड लढवला.

“हा डिंक नाही. हा वाळल्यावरच चिकटतो. पातळ थर लावायचा, ठिगळापेक्षा मोठा, आणि पाच मिनिटं हात लावायचा नाही. फुंकरसुद्धा मारायची नाही. चमक गेली, कडेला बोट टेकवलं आणि बोटाला लागलं नाही, की मग ठिगळ.”

“पाच मिनिटं,” शिंपीभाऊ कागदाकडे बघत पुटपुटले. “घड्याळ!”

“बाबा मलाच म्हणायचे ते,” लेक म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला होता. “मला घाई असायची. मी आधीच ठिगळ हातात घेऊन पुढे करायचे. ते म्हणायचे, वाळू दे. मी पुन्हा पुढे करायचे. शेवटी पाढा म्हणायला लावायचे, तेवढ्यात वाळायचं.”

“पाढा तर मला ऐकू यायचा. मला वाटायचं अभ्यास घेतायत.”

“अभ्यास कसला! वेळ काढायचे. आई, जुनं सगळं सोल्युशन आणि ती वाळू खरवडून काढ, परत घास, नवं ठिगळ घे. जुनं वापरू नको. आणि टायरमध्ये आत काय रुतलंय ते बघितलंस का?”

“काय रुतलंय?”

“ज्याने भोक पडलं ते! ते तसंच राहिलं तर पुन्हा पडेल. ठेवते आता, इकडे वर्ग डोक्यावर घेतलाय.”

फोन बंद झाला. “ध चा मा म्हणतात तो हाच,” शिंपीभाऊ म्हणाले, पण वहिनी हसल्या नाहीत. त्या ट्यूब मांडीवर घेऊन बसल्या आणि काळी, वाळूमिश्रित घाण नखाने खरवडू लागल्या.

खरवडता खरवडता मन कुठल्या कुठे गेलं. वीस वर्षं एक शब्द खिडकीतून ऐकला आणि तोच खरा धरून बसलो. पाहिलं कधीच नाही. दोन पावलं खिडकीशी आलो असतो तर दिसलं असतं. पण पोळी तव्यावर असायची. असं आणखी काय काय ऐकलं असेल?

परवा दवाखान्यातलं आठवलं. पडद्याआड वन्सं नर्सला सांगत होत्या, आणि वहिनी बाहेर फळांची पिशवी घेऊन उभ्या होत्या. ‘तिचा कशाला त्रास,’ असं त्यांनी ऐकलं होतं. तिचा. म्हणजे माझा त्रास त्यांना. पिशवी तशीच खुर्चीवर ठेवून त्या परतल्या होत्या, आणि काल फोन आला तेव्हा ‘शब्द दिला’ म्हणाल्या त्यातही थोडा ताठा होताच, की बघा, जिचा त्रास होतो तीच येतेय.

तिचा म्हणाल्या होत्या, की तिला? तिला कशाला त्रास.

वहिनींना आठवेना. जितकं आठवायला जावं तितके दोन्ही शब्द एकमेकांत मिसळत गेले. पडदा होता, मध्ये कुणाची तरी स्ट्रेचरची गाडी ढकलत नेली होती. एका अक्षराचा तर फरक.

“वहिनी, झालं ना खरवडून? आणखी घासलंत तर ट्यूबच संपेल,” शिंपीभाऊ म्हणाले.

त्या भानावर आल्या. ट्यूब पुसली, पुन्हा घासली, भुकटी झटकली. ह्या वेळी सोल्युशन कणभर घेतलं आणि बोटाने नव्हे, त्याच्या इवल्या ट्यूबच्या तोंडानेच पातळ पसरलं. आणि हात मागे घेऊन बसल्या.

असं नुसतं बसणं किती कठीण असतं! तीन वाजून दोन मिनिटं. सोल्युशन ओलं चमकत होतं. वहिनींचा हात दोनदा ठिगळाकडे गेला आणि परत आला.

“पाढा म्हणा,” शिंपीभाऊ म्हणाले.

“कितीचा?”

“तेराचा. तोच लांबतो.”

“तेरा एके तेरा. तेर दुणे सव्वीस. तेर त्रिक…”

शिंपीभाऊ उठले, दुकानातून जुन्या सुती कापडाची चिंधी घेऊन आले आणि टायरमध्ये हात घालून ती आतल्या अंगाने सावकाश फिरवू लागले. “बोट घातलं तर बोट फाटेल. कापड आपोआप अडकतं. कापडाला सगळं कळतं.” अर्ध्यावर चिंधी अडकली. त्यांनी तिथे वाकून बघितलं. पक्कडीने बाहेरून धरून काहीतरी ओढलं, आणि हातावर घेऊन निरखलं.

“…तेर सत्ते एक्याण्णव. काय निघालं? काटा?”

“काटाच म्हणायचा.”

“बघू.”

शिंपीभाऊंनी मूठ मिटली. मग उघडली. मोडलेल्या मशीनच्या सुईचं टोक होतं ते.

“मागच्या दारातून केर काढतो ना मी,” ते म्हणाले, खाली बघत. “रोजचाच. सुया डबीत टाकतो, एखादी राहते.” मग म्हणाले, “वहिनी, आजपासून केर पुढच्या दाराने. नाही, असं करतो, चुंबक फिरवतो आधी.”

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. रागवायला हवं होतं, पण तासभर त्यांनीच घमेलं उचललं होतं, खडू दिला होता, वाळू आणली होती. “तेर आठे किती हो?” त्या म्हणाल्या.

“एकशे चार,” शिंपीभाऊ लगेच म्हणाले, सुटल्यासारखे.

पाढा संपला, पुन्हा एकदा म्हणून झाला, तेव्हा सोल्युशनची चमक गेली होती. मंद, धुरकट दिसत होतं. वहिनींनी अगदी कडेला बोटाची मागची बाजू टेकवली. ओढ लागली, पण बोट कोरडं राहिलं. नवं ठिगळ घेऊन चमचमता कागद सोलला, आतल्या बाजूला बोट लागू न देता फुलीच्या चारी टोकांच्या मध्यावर ते ठेवलं. ठेवताक्षणी ते बसलं! ह्या वेळी सरकवायला गेलं तरी सरकेना. मधून कडेकडे अंगठ्याने दाबलं, मग पळीच्या पाठीने घोटलं, जोर लावून, कडा सगळ्या. ठिगळाच्या वरच्या अंगाचा पातळ प्लास्टिकचा कागद तसाच राहू दिला.

“खडू घासा वर,” शिंपीभाऊ म्हणाले. “आजूबाजूचं सोल्युशन टायरला चिकटायला नको.”

पाण्यात बुडवलं. पाणी थोडा वेळ हललं आणि मग स्थिर झालं. वहिनी वाकून बघत होत्या. काही आलं नाही. ट्यूब फिरवली, तरी काही आलं नाही. शेवटी शिंपीभाऊंनाच धीर धरवेना, “येतंय का?” “नाही.” “नक्की?” “नाही म्हटलं ना!”

घालणं काढण्यापेक्षा सोपं असेल असं वाटलं होतं, पण तसं नव्हतं. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरली. आधी व्हॉल्व्ह त्याच्या भोकात, मग दोन्ही हातांनी ट्यूब टायरच्या पोटात, पीळ पडू न देता. टायरची कड व्हॉल्व्हच्या समोरून अंगठ्यांनी आत ढकलत दोन्ही बाजूंनी व्हॉल्व्हकडे यायचं. शेवटचा वीतभर तुकडा ताठ राहिला. शिंपीभाऊंनी पट्टी पुढे केली.

“नको,” वहिनी म्हणाल्या. “पट्टीने ट्यूब चिमटली तर पुन्हा भोक पडेल.” हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या मऊ काळ्या जिवाला दीड तास हातात घेतल्यावर कळलं होतं. थोडी हवा सोडली, तळहात रोवून ढकललं, आणि कड टप्‌ करून आत बसली. व्हॉल्व्ह वर ढकलून खाली ओढला, चाकाभोवती फिरून दोन्ही बाजूंनी ट्यूब कुठे डोकावते का ते पाहिलं, नट लावला आणि पंप मारला. शंभर मारले असतील. टायर अंगठ्याने दाबला तर अंगठाच मागे आला.

तीन वाजून छत्तीस मिनिटं. वन्संचं घर अर्ध्या तासावर.

“सहा मिनिटं उशीर,” शिंपीभाऊ म्हणाले. “फोन करून सांगा की.”

वहिनी साबणाने हात धूत होत्या. डोळ्याला लागणारे हात होते, कोपरापर्यंत तीनदा धुतले. नखांतला काळा मळ काही निघाला नाही, तेव्हा नखं कापून पुन्हा धुतले. मग फोन केला.

“वन्सं, चारवर पाच-दहा मिनिटं होतील. पण येतेय.”

“पंक्चर झाली का?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“आवाजावरून. धाप लागलीय तुला. काढली कुणी?”

“मी.”

विचारावं का, असं वहिनींच्या ओठांवर आलं, परवा पडद्याआड काय म्हणालात ते. पण फोनवर नको. फोनही एक पडदाच.

“सावकाश ये,” वन्सं म्हणाल्या.

वहिनींनी चौकातच एक फेरी मारली, उतरून चाक पुन्हा दाबून पाहिलं. घट्ट होतं. शिंपीभाऊंनी फाटक उघडून धरलं. वहिनींनी पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि पॅडलवर पाय ठेवला. गुडघा कुरकुरला नाही. रस्त्याला लागल्यावर त्यांनी एकदाच वाकून पुढच्या चाकाकडे पाहिलं, मग पाहायचं सोडून दिलं, आणि पुलाच्या दिशेने निघाल्या.